७२ मीटरांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब असतं. दोन्ही टोकांचे पेनल्टी बॉक्स साडेसोळा-साडेसोळा मीटरचे. ते वजा केले की एका बॉक्सच्या रेषेपासून दुसऱ्या बॉक्सच्या रेषेपर्यंत उरतात ७२ मीटर. एवढ्या पट्ट्यात ज्याची नव्वद मिनिटं ये-जा चालते, तो बॉक्स-टू-बॉक्स मिडफिल्डर. आपल्या गोलसमोर चेंडू अडवायचा आणि थोड्याच वेळात समोरच्या गोलसमोर हजर व्हायचं, अशी दुहेरी नोकरी त्याच्याकडे असते.

अशा खेळाडूचं कौतुक बहुतेक वेळा ‘काय दम आहे!’ या एका वाक्यात उरकलं जातं. दम लागतोच. पण माझ्या मते या जागेची खरी कसोटी पळण्यात नाही, कधी पळायचं नाही हे ओळखण्यात आहे. ते समजून घ्यायला २५ मे २००५ च्या रात्रीइतका चांगला सामना मला दुसरा दिसत नाही. इस्तंबूलच्या अतातुर्क स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, लिव्हरपूल विरुद्ध एसी मिलान. मध्यंतराला मिलान ३-० असं पुढे होतं आणि अखेर चषक लिव्हरपूलने नेला, हे अनेकांना आठवत असेल. त्या रात्री लिव्हरपूलचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड एकाच सामन्यात तीन वेगवेगळी कामं करताना दिसला. पहिल्यात तो पुरा पडला नाही, दुसऱ्यात त्याने सामना फिरवला आणि तिसऱ्यात तो वाचवला.

पहिल्या अर्धात लिव्हरपूलच्या मध्यभागी जेरार्ड आणि झाबी अलोन्सो हे दोघेच होते. मिलानचा काका नेमका या दोघांच्या पाठीमागे, बचावफळीच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यात फिरत होता. जेरार्ड चेंडूवर झेपावला की मागची जागा उघडी पडायची. मागे थांबला तर लिव्हरपूलच्या हल्ल्यात माणूस कमी पडायचा. तिसरा गोल याच कात्रीतून झाला. मैदानाच्या मध्यावर काकाने पहिल्याच स्पर्शात वळून जेरार्डला मागे टाकलं, बचावफळी चिरणारा लांब पास दिला आणि क्रेस्पोने तो गोलरक्षकावरून अलगद जाळ्यात उचलला. जेरार्ड काही आळशीपणे खेळत नव्हता. त्याला दोन माणसांचं काम दिलं गेलं होतं.

मध्यंतरात प्रशिक्षक राफा बेनिटेझ यांनी बचावपटू फिनानला बाहेर काढून डिटमार हामानला उतरवलं. हामान हा जागेवर उभं राहून खेळणारा मिडफिल्डर. बचावफळीच्या पुढे थांबायचं, काकाला वळू द्यायचं नाही, चेंडू मिळाला की जवळच्याला द्यायचा. या एका बदलाने जेरार्डला पुढे जाण्याचा परवाना मिळाला. बॉक्स-टू-बॉक्स मिडफिल्डर एकटा कधीच घडत नसतो. तो पुढे जातो तेव्हा कुणीतरी मागे थांबलेलं असतं, आणि हे ‘कुणी थांबायचं’ न बोलता ठरलेलं असावं लागतं. दोघेही एकदम बॉक्समध्ये शिरले आणि चेंडू हातचा गेला, तर समोरच्या संघाला मधला सगळा रस्ता मोकळा सापडतो. पहिल्या पासाला कुणी अडवायलाच नसतं.

आता ५४ वं मिनिट. डाव्या बाजूला चेंडू योन आर्ने रीसेकडे. त्याचा पहिला क्रॉस काफूच्या अंगावर आदळून परत त्याच्याचकडे आला. त्याने तो पुन्हा आत टाकला आणि पेनल्टीच्या ठिपक्याच्या आसपास जेरार्डने उडी घेऊन डोक्याने तो जाळ्यात धाडला. मिलानच्या त्या बचावफळीत मालदिनी, नेस्टा, स्टाम, काफू अशी मंडळी होती. जगात त्यांच्याहून जाणती फळी तेव्हा क्वचितच असेल. तरीही जेरार्डला कुणीच चिकटलेलं नव्हतं. असं का होतं?

क्रॉस येण्याच्या क्षणी बचावपटूसमोर दोन गोष्टी असतात: चेंडू आणि त्याला नेमून दिलेला आघाडीवीर. आघाडीवीर आधीपासून बॉक्समध्ये असतो, त्यामुळे तो कुणाच्या तरी वाट्याला आलेला असतो. चेंडू गोलरेषेच्या दिशेने सरकत जातो तशी बचावफळीही तोंड चेंडूकडे ठेवून मागे सरकत जाते. मग तिच्या पुढे, ठिपक्यापासून बॉक्सच्या कडेपर्यंत, एक पट्टा रिकामा होतो. मागून येणारा मिडफिल्डर या पट्ट्यात शिरतो. तो बचावपटूंच्या नजरेच्या टप्प्यात उशिरा येतो आणि कुणाच्याच वाट्याचा नसतो. त्याला धरायचं काम समोरच्या मिडफिल्डरचं, पण तोही चेंडूकडे बघत दोन पावलं मागे राहिलेला असतो.

म्हणून ही धाव उशिरा घ्यावी लागते. पाच सेकंद आधी पोहोचलेला मिडफिल्डर हा बॉक्समधला आणखी एक उभा माणूस होतो. बचावपटू त्याला बघतो, हाताने चाचपतो, खांद्याला खांदा लावतो. शिवाय उभ्याने मारलेल्या उडीला उंची आणि जोर कमीच मिळतो, धावत आलेल्याला दोन्ही आयते मिळतात. सराईत खेळाडू बॉक्सच्या बाहेर, कमानीच्या आसपास, वेग मुद्दाम कमी करून येतो. तिथे तो बाजूच्या खेळाडूचं डोकं वर होण्याची वाट बघतो. क्रॉस टाकणारा मान वर करून आत नजर टाकतो आणि मग पाय मागे नेतो. ही मान वर होणं हीच खूण. तिथून शेवटचे दहा-पंधरा मीटर जीव खाऊन पळायचे, जेमतेम दोन-अडीच सेकंदांचं काम. चेंडू आणि माणूस एकाच वेळी ठिकाणावर.

गोलरेषेजवळून चेंडू मागे ओढून दिला जातो, तेव्हा तर या धावेला आणखी एक फायदा मिळतो. पास देण्याच्या क्षणी धावणारा चेंडूच्या मागे असेल तर तो ऑफसाइड होऊच शकत नाही. बचावफळीने कितीही चोख रेषा धरली तरी त्याचं काही बिघडत नाही.

त्याच सामन्यात ६० व्या मिनिटाला हेच पुन्हा घडलं. आघाडीवीर बारोशने बॉक्सच्या तोंडाशी चेंडू हलकेच वळवला, मागून भरधाव आलेला जेरार्ड तो घेऊन गोलसमोर पोहोचणार तोच गट्टुसोचा पाय त्याला लागला. पेनल्टी. गट्टुसो हा तितकाच कष्टाळू मिडफिल्डर, पण तो पाठलाग करत होता आणि जेरार्डला आधीच वेग मिळालेला होता. अलोन्सोचा फटका दिदाने अडवला, परतलेला चेंडू अलोन्सोनेच आत घातला. ५६ व्या मिनिटाला स्मित्सेरने लांबून एक गोल केला होता. सहा मिनिटांत ३-३. त्यातले दोन गोल मिडफिल्डरने बॉक्समध्ये उशिरा घेतलेल्या धावांमधून आले.

आता दमाचं गणित. या जागेचा खेळाडू सामन्यात साधारण ११ ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यातला बहुतेक भाग चालणं आणि संथ पळणं असतो. खरी वेगवान धाव एकूण अंतराच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. पण गोल होतात किंवा वाचतात ते याच हिश्श्यात. स्नायूंमध्ये काही सेकंदांच्या स्फोटक धावेपुरतं एक तयार इंधन असतं. ते संपलं की अर्ध्या मिनिटात निम्मं भरून येतं, पुरतं भरायला काही मिनिटं लागतात. म्हणजे बॉक्सपर्यंत धाव घेतली, चेंडू गेला, लगेच ७० मीटर मागे पळावं लागलं, तर पुढच्या दोन-तीन मिनिटांत तो खेळाडू तशी धाव पुन्हा घेऊ शकत नाही. दुसरा साठा असतो ग्लायकोजेनचा, स्नायूंत साठवलेल्या साखरेचा. सामना संपेपर्यंत मांडीच्या स्नायूतल्या जवळपास निम्म्या तंतूंमधला हा साठा संपलेला किंवा संपत आलेला असतो, असं डेन्मार्कच्या संशोधकांनी खेळाडूंच्या स्नायूंचे नमुने तपासून दाखवलं आहे. तो सामन्याच्या मधे भरून येत नाही.

म्हणून शहाणा खेळाडू खर्च निवडून करतो. आपला हल्ला एका कडेने चालला असेल आणि क्रॉसची शक्यता दिसत नसेल, तर तो चालतो. तेव्हा त्याला आळशी म्हणू नये. चेंडूजवळ साथीदार असेल तर तो दबाव टाकायला धावत नाही, त्याची पाठ राखतो. आणि मागे परतताना चेंडूमागे पळत नाही, सरळ आपल्या बॉक्सच्या समोरचा मधला भाग गाठतो, कारण धोका शेवटी तिथेच येणार असतो. कोपऱ्यापर्यंत पाठलाग करणारा जास्त पळतो आणि कमी अडवतो.

साठा आटल्याच्या खुणा दिसतात, त्या ओळखता यायला हव्यात. चेंडू थांबला की हात गुडघ्यांवर जातात. परतताना पहिली तीन पावलं उशिरा पडतात. बॉक्समध्ये शिरायच्या जागी पंचवीस मीटरवरून फटका मारला जातो, कारण फटका स्वस्त आणि धाव महाग. सर्वांत वाईट खूण म्हणजे पुढे धाव घ्यायची आणि परत यायचं नाही. सत्तराव्या मिनिटानंतर असं वारंवार दिसलं तर प्रशिक्षकाने त्याला बदलावं किंवा त्याचं काम बदलावं.

इस्तंबूलमध्ये दुसरा पर्याय वापरला गेला. निर्धारित वेळेच्या अखेरीस मिलानने डाव्या कडेला ताज्या दमाचा, वेगवान सेर्जिन्हो आणला. लिव्हरपूलचे तिन्ही बदल वापरून झाले होते. बेनिटेझ यांनी जेरार्डला उजव्या बचावाकडे पाठवलं. आता ७२ मीटरांची ये-जा बंद, धावा आखूड, एकच माणूस समोर. जादा वेळेत सेर्जिन्होचे क्रॉस रोखण्यात तो गुंतला आणि संघाच्या हल्ल्यातून जवळपास बाहेर पडला. उरलेला दम जिथे सर्वांत जास्त कामी येईल तिथे वापरला गेला. तो निर्णय मला ५४ व्या मिनिटाच्या गोलाइतकाच मोलाचा वाटतो. सामना पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२ ने लिव्हरपूलने जिंकला. पाचवी पेनल्टी जेरार्डसाठी राखून ठेवली होती, तिची गरजच पडली नाही.

हे सगळं टीव्हीवर पुरतं दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि हा खेळाडू मोलाचं काम बहुतेक चेंडूपासून दूर करतो. त्यासाठी मैदानावर जायला हवं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा मडगावच्या फातोर्ड्यात सामना बघायला गेलात, तर दहा मिनिटं चेंडू सोडून द्या आणि मधल्या फळीतल्या एकाच खेळाडूवर नजर ठेवा. तो कधी चालतो, कधी मान वळवून मागे बघतो आणि साथीदाराचं डोकं वर झाल्यावर काय करतो, एवढंच टिपा.