पंप चालू, ताट्या कोरड्या

विदर्भातल्या मे महिन्यात कूलर गरम हवा फेकू लागला की आधी पंपावर संशय जातो. पण तो घूं घूं करत असेल, तर त्यावरून त्याला वीज मिळतेय एवढंच कळतं. पाणी वर चढतंय का, हे वेगळं पाहावं लागतं.

पाहताना एक पथ्य कटाक्षाने पाळावं. प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालू नये, पत्र्यालाही स्पर्श करू नये. ओल्या कूलरचा शॉक जिवावर बेततो.

सुरुवात ताट्यांपासून करावी. एकच ताटी कोरडी असेल तर दोष तिच्या वरच्या नळीत असतो. तिन्ही कोरड्या असतील तर पंप, त्याची उभी नळी किंवा वरचा जोड तपासायचा. अशा वेळी प्लग काढून उभ्या नळीचं वरचं टोक सोडवावं, बाहेर बादलीत नीट अडकवावं आणि दूर उभं राहून पंप क्षणभर सुरू करावा. जाड धार आली तर पंप निर्दोष आहे, अडथळा पुढे आहे.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरमध्ये बहुतेकदा हेच निघतं. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. टाकीत नुसती भर घालत गेलं की उरलेलं पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होतं आणि नळीच्या बारीक भोकांवर पांढरा थर धरतो. ही भोकं तारेने टोकरून मोठी करणं चुकीचं आहे, कारण मग जवळच्या भोकांतूनच सगळं पाणी सांडतं आणि लांबचं टोक कोरडं राहतं. त्याऐवजी नळी काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवावी. थर विरघळताना बारीक बुडबुडे दिसतात. मग टोकाचं बूच काढून आतला गाळ धुऊन टाकावा आणि बूच न विसरता परत बसवावं. ते नसेल तर पाणी तिथूनच निघून जातं.

धार बारीक आली किंवा आलीच नाही, तर आधी नळी कुठे दुमडली आहे का, पंपाच्या तोटीवरून निसटली आहे का, हे बघावं. मग पंपाची जाळी उघडावी. ताटीचं गळलेलं गवत तिथे हमखास अडकतं. आतली छोटी पंखी बोटाने फिरवून पाहावी. ती अडत असेल तर दांड्याभोवती गुंडाळलेले धागे काढावेत. छोट्या चुंबकी पंपात हलकासा अडथळा जाणवतो, तो दोष नव्हे. पंखी दांड्यावर सैल फिरत असेल, तर मोटर फिरूनही पाणी उचललं जात नाही. तिथे पंखी बदलावी लागते.

पंप लावताच घरातला सुरक्षा स्विच पडत असेल किंवा वायरीचं आवरण तडकलं असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून नवा पंप आणावा. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करावी, म्हणजे साठलेले क्षार जुन्या पाण्याबरोबर निघून जातात.