बाटलीत गुलाब किती, वाळा किती?

घरगुती उद्योगातून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या गुलाब-वाळा अत्तराच्या वर्णनात ‘शंभर टक्के नैसर्गिक, शुद्ध गुलाब’ असे शब्द दिसले, तर आधी हिशेब करावा. दमास्क गुलाबाच्या साधारण चार हजार किलो फुलांतून एक किलो तेल निघते. म्हणजे १० मिलीच्या बाटलीत नुसते गुलाबाचेच तेल भरायचे, तर तीस किलोंहून जास्त फुले लागतील. दोन-तीनशे रुपयांत ते जमणे शक्य नाही.

कनौजमध्ये अत्तर काढताना तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने बंद करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते, आणि तिथे ठेवलेले चंदनाचे तेल तो गंध धरून ठेवते. चंदन महागल्यावर त्याच्या जागी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त तेले आली. म्हणून मूळ तेल कोणते वापरले आहे, ते वर्णनात लिहिलेले असावे.

गुलाबाच्या प्रमाणाला आणखी एक मर्यादा आहे. त्याच्या तेलात मिथाइल युजेनॉल असते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याच्यामुळे गाठी झालेल्या आढळल्याने, त्वचेवर लावायच्या मिश्रणात गुलाबतेल अर्ध्या टक्क्याच्या आसपासच ठेवतात. एवढ्याने गुलाबाचा गंध भरदार होत नाही. मग फिनाइल इथाइल अल्कोहोल घालतात. गुलाबाच्या ताज्या पाकळ्यांत ते भरपूर असते, पण पाण्यात विरघळत असल्याने ऊर्ध्वपातनात त्याचा बराचसा भाग गुलाबपाण्यातच राहतो. बाजारात मिळणारे बहुतेक कारखान्यात तयार होते. ते वापरण्यात गैर काही नाही, फक्त ग्राहकाला तसे सांगायला हवे.

वाळ्याचे काम वेगळे. त्याच्या मुळांतले रेणू जड असतात, त्यामुळे तेल निघायला बराच वेळ लागतो आणि लावल्यावर ते उडतेही सावकाश. गुलाब आधी जाणवतो आणि हळूहळू मागे पडतो. मातीचा, किंचित धुरकट वाळा मात्र रेंगाळतो. मुळांचे वय आणि जमीन बदलली की गंधही बदलतो, त्यामुळे छोट्या खेपांमध्ये थोडा फरक पडणारच.

आता हेच वर्णन नीट लिहून पाहू:

‘१० मिली. गुलाबतेल अर्धा टक्का, फिनाइल इथाइल अल्कोहोल ६ टक्के, वाळ्याचे तेल ८ टक्के, उरलेले जोजोबा तेल. सुरुवातीला गुलाब, नंतर वाळा. खेप क्रमांक आणि तयार केल्याचा महिना बाटलीवर. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका. ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवा.’

या बाटलीत सुमारे १८० ग्रॅम फुलांचे तेल आहे. आता किंमत वाजवी आहे की नाही, हे ग्राहक स्वतः ठरवू शकतो.