रॅम दुसऱ्यांदा का खाली आला?

‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला.’ कारखान्यातल्या अपघातानंतर भरल्या जाणाऱ्या कागदांत हे वाक्य नेहमी दिसते. त्याला उत्तर म्हणून जखमी कामगाराच्या अर्जात ‘मालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला’ असे तितकेच घाऊक वाक्य टाकले जाते. दोन्ही वाक्यांतून काय घडले ते कळत नाही. नुकसानभरपाईचा दावा ज्या कागदावर उभा राहतो, त्याला वस्तुस्थितीचे निवेदन म्हणतात. त्यात आरोप कमी आणि घटना जास्त असाव्या लागतात.

एक प्रकरण समोर ठेवू. ते काल्पनिक आहे, पण पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या कोणत्याही शेडमध्ये घडू शकेल असे आहे. पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्यात 30 वर्षांचा ऑपरेटर 100 टनी पॉवर प्रेसवर काम करतो. महिना पगार 24 हजार रुपये. 12 मार्च 2025 रोजी दुसऱ्या पाळीत त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट डायमध्ये सापडून तुटते.

पहिला प्रश्न दावा कुठे करायचा हा. कामगार ईएसआयमध्ये विमाधारक असेल, तर अपंगत्वाचा लाभ महामंडळाकडून मिळतो आणि त्याच इजेसाठी मालकाकडे भरपाई मागण्याचा रस्ता ईएसआय कायद्याचे कलम 53 बंद करते. ईएसआयची पगारमर्यादा 21 हजार रुपये. आपला ऑपरेटर तिच्या वर असल्याने विमाधारक नाही. म्हणून त्याचा दावा 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली आयुक्तांपुढे जातो. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. आपला अपघात त्याआधीचा, म्हणून हिशेब जुन्या कायद्याने मांडला आहे.

या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. इजा अपघाताने झाली, ती नोकरीच्या काळात झाली आणि नोकरीतूनच उद्भवली, एवढे दाखवले की जबाबदारी मालकावर येते. निवेदनातला घटनाक्रम या तीन गोष्टींसाठी असतो.

तो अपघाताच्या क्षणापासून नव्हे, पाळी सुरू झाल्यापासून लिहायचा. आपल्या प्रकरणात तो असा दिसेल: दुपारी 3 वाजता अर्जदार कामावर हजर झाला, हजेरी यंत्रावर नोंद आहे. पर्यवेक्षकाने त्याला प्रेस क्रमांक 4 वर ब्रॅकेटचा जॉब दिला. साधारण साडेसहाला मशीन ‘डबल मारू’ लागले, म्हणजे पेडल एकदा दाबले तरी रॅम लागोपाठ दोनदा खाली येऊ लागला. अर्जदाराने हे पर्यवेक्षकाला सांगितले. देखभाल विभागाचा फिटर आला, त्याने क्लचचे काम केले आणि सुमारे वीस मिनिटांनी मशीन पुन्हा सुरू झाले. 8 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास एक जॉब डायमध्ये अडकला. अर्जदाराने पेडलवरून पाय काढला आणि जॉब काढण्यासाठी उजवा हात आत घातला. पेडल दाबलेले नसताना रॅम खाली आला.

यात ‘अचानक’, ‘दुर्दैवाने’, ‘बेपर्वाईने’ असा एकही शब्द नाही. तरीही मशीन नादुरुस्त होते, ते मालकाच्या माणसांना ठाऊक होते आणि तरी काम चालू ठेवले गेले, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते. क्लचची चावी किंवा ब्रेकचे अस्तर झिजले की प्रेस डबल मारते, हे त्या शेडमधल्या कुणालाही नवे नसते. म्हणून साडेसहाची तक्रार निवेदनातली सर्वांत मोलाची ओळ ठरते.

वेळा आठवतील तेवढ्याच द्याव्यात. नेमकी वेळ माहीत नसेल तर ‘सुमारे’ लिहावे. उलटतपासणीत मालकाचा वकील याच मिनिटांवर बोट ठेवतो. 8 वाजून 43 मिनिटे असे ठासून लिहिले आणि रुग्णालयात दाखल झाल्याची नोंद 8.40 ची निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

अपघातानंतरचा तासही घटनाक्रमाचाच भाग आहे. हात डायमधून कुणी सोडवला, तुटलेली बोटे कुणी उचलली, कोणत्या गाडीतून कोणत्या रुग्णालयात नेले, सोबत कोण होते. इथे एक कागद फार जपून पाहावा लागतो: रुग्णालयाचा केसपेपर. डॉक्टर त्यावर इजा कशी झाली ते लिहून घेतात. जखमी माणूस बोलण्याच्या अवस्थेत नसला तर सोबतचा पर्यवेक्षक सांगतो आणि ‘घरी पडून लागले’ अशी नोंद होऊ शकते. तसे झाले असेल तर निवेदनात ते लपवू नये. ही माहिती कुणी दिली आणि त्या वेळी अर्जदार कोणत्या अवस्थेत होता, ते सरळ लिहावे. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही, अंगठा घेतला असेल, तर तेही तारखेसह यावे.

साक्षीदारांचा भाग लिहिताना नावांची लांबलचक यादी करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा कुणी काय स्वतः पाहिले, याची वाटणी उपयोगी पडते. शेजारच्या प्रेसवरच्या ऑपरेटरने रॅम खाली येताना पाहिला नसेल, पण साडेसहाची तक्रार त्याने ऐकली. हेल्पर समोर उभा होता; अर्जदाराचा पाय पेडलवर नव्हता हे त्याने पाहिले. फिटरने क्लच उघडला. आत काय दिसले ते त्याला माहीत आहे. तिघांची साक्ष तीन वेगळ्या मुद्द्यांची आहे आणि निवेदनात ती तशीच वेगळी मांडायची. ‘मशीन आधीपासून खराब होते असे सगळे म्हणत’ या वाक्याला मात्र साक्षीदार नसतो.

अडचण अशी की हे तिघेही अजून त्याच मालकाकडे नोकरीला आहेत. अपघाताच्या आठवड्यात मोकळेपणाने बोलणारा सहकारी वर्षभराने ‘मी तेव्हा चहाला गेलो होतो’ असे म्हणू शकतो. कंत्राटी हेल्पर तर तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो, म्हणून नावाबरोबर त्याचा गावाकडचा पत्ता घेतलेला बरा. माणूस फिरला तरी कागद फिरत नाही: त्या रात्रीचे देखभालीचे लॉगबुक, उत्पादनाची तासागणिक नोंद, हजेरी. साडेसहा ते सात या वेळात प्रेस क्रमांक 4 चे उत्पादन शून्य दिसले, तर फिटर गप्प बसला तरी मशीन बंद होते हे कळते. हे कागद कामगाराकडे नसतात. पण साक्षीदाराला बोलावण्याचे आणि कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत. मागायचे काय, हे निवेदनावरून ठरते.

मालकाची चूक सिद्ध करायची नसेल, तर सुरक्षेच्या उपायांबद्दल लिहायचे कशाला? कारण कायद्याने मालकाला दिलेला बचाव तिथेच आहे. कामगाराने सुरक्षेचे साधन माहीत असून मुद्दाम काढले किंवा धुडकावले, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश मुद्दाम मोडला किंवा तो नशेत होता, आणि त्यामुळे अपघात झाला, असे मालकाने सिद्ध केले तर भरपाई नाकारली जाऊ शकते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचावही चालत नाही. बोटे तुटण्यासारख्या अंशतः अपंगत्वात मात्र तो हमखास पुढे केला जातो. ‘मुद्दाम’ हा शब्द इथे कळीचा आहे. घाईत हात आत गेला, हा निष्काळजीपणा असेल, पण मुद्दाम केलेली आज्ञाभंगाची कृती नव्हे.

म्हणून प्रत्येक साधनाबद्दल चार गोष्टी लिहाव्यात: ते होते का, चालू होते का, नसेल तर कुणी बंद केले आणि हे कुणाला माहीत होते. आपल्या प्रेसला फोटो सेन्सर होता. हात डायजवळ गेला की त्याने रॅम थांबवायला हवा. पण तो वारंवार मशीन थांबवत असल्याने आठवड्यापूर्वी त्याची वायर जोडून तो बाद केला होता. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणे पॅनेलवर होती, पण निवडीचा स्विच पेडलवर ठेवला होता आणि त्याची किल्ली पर्यवेक्षकाकडे असे. अडकलेला जॉब काढायला चिमटा दिलेला नव्हता. हात घालण्यापूर्वी मशीन बंद करावे, असा लेखी नियम भिंतीवर नव्हता आणि तसे प्रशिक्षणही झाले नव्हते.

सेन्सर स्वतः ऑपरेटरनेच बाद केला असेल तर? तेही लिहावे, आणि तासाला किती नगांचे उद्दिष्ट होते, किती दिवस सेन्सर तसाच होता, रोज फेरी मारणाऱ्या पर्यवेक्षकाने तो पाहिला होता का, हेही लिहावे. ही गोष्ट मालकाच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर आली, तर उरलेले निवेदन कोसळते. कारखाने कायद्यानुसार 48 तास किंवा अधिक काळ काम करता न येण्याजोग्या इजेची सूचना व्यवस्थापकाने कारखाना निरीक्षकाला द्यायची असते. निरीक्षक आले असतील तर मशीनच्या स्थितीबद्दलचा त्यांचा अहवाल या भागाला आधार देतो.

शेवटी रक्कम. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची क्षमता 20 टक्के घटली असे धरले आहे. पगार 24 हजार असला तरी हिशेबासाठी कमाल 15 हजारच धरला जातो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. तिसाव्या वर्षाचा गुणांक 207.98. गुणाकार 18,71,820 आणि त्याचे 20 टक्के 3,74,364 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. अपघातापासून महिन्याच्या आत रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज लागते आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

मात्र यादीतली टक्केवारी हा नेहमीच शेवटचा शब्द नसतो. कोपरापासून डावा हात गमावलेल्या एका सुताराला 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण अपंग मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दोन बोटांच्या इजेला हा निकाल आपोआप लागू पडत नाही. तरी कामगार त्या हाताने नेमके काय करत होता, पत्रा कसा धरत होता, डाय कशी बसवत होता आणि आता त्यातले काय जमत नाही, एवढा एक परिच्छेद निवेदनात असलाच पाहिजे.

अपघाताची नोटीस मालकाला शक्य तितक्या लवकर द्यावी. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. मालकाला नोटीस कधी दिली, कोणते मुद्दे दोघांना मान्य आहेत आणि कोणत्यांवर वाद आहे, हे अर्जात सांगावे लागते. अर्जदाराला लिहिता येत नसेल किंवा ही माहिती लेखी देता येत नसेल, तर त्याने इच्छा दाखवताच आयुक्तांच्या देखरेखीखाली अर्ज तयार करून देण्याची सोय कलम 22 मध्येच आहे. तोवर कामगाराने किंवा घरच्यांनी तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक आणि तिथे हजर असलेल्यांची नावे एखाद्या वहीत पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवावीत.