कॅमेऱ्याला चिमटा की खिशाला?

माहीत आहे का, फोनच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारख्या बसणाऱ्या लेन्सचा जो सेट तीन-चारशे रुपयांपासून मिळतो, त्यात लेन्स तीन-चार असल्या तरी हिरॉइन एकच असते? तिचं नाव मॅक्रो! वाइड, फिशआय आणि टेली या तिघी पाहुण्या कलाकार. त्यांची एंट्री आधी उरकून टाकू.

वाइड? आजच्या बऱ्याच फोनांत ०.५ किंवा ०.६ एक्सचा अल्ट्रावाइड कॅमेरा आधीच बसवलेला असतो. वर आणखी काच चढवली की कोपरे फिसकटतात आणि कडेला काळी चंद्रकोर उगवते. फिशआय? वाढदिवसाच्या पार्टीत दहा मिनिटं फुल धमाल, नंतर ड्रॉवर.

टेलीचा किस्सा मात्र भन्नाट आहे. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा फोन २ एक्सला बहुतेकदा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि चांगला फोटो देतो. त्यामुळे स्वस्तातली २ एक्स क्लिप त्याच्यापुढे सहसा हरते. पण माहीत आहे का, २०२५ मध्ये विवोने एक्स२०० अल्ट्रा या फोनसाठी जोडटेली काढली, ती ८५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याला थेट २०० मिलिमीटरवर नेते! आणि गंमत म्हणजे तिच्यातून चित्र उलटं येतं, डोकं खाली पाय वर. ते सुलट करतं फोनचं सॉफ्टवेअर. मात्र ती चिमट्याने बसत नाही. खास केस लागते, वजन लागतं आणि लागतो तोच फोन.

आता हिरॉइनची एंट्री!

माहीत आहे का, फोन जितका महाग, तितका त्याचा मुख्य कॅमेरा जवळच्या वस्तूपुढे अडखळू शकतो? सेन्सर मोठा झाला की जवळचं फोकस लांब सरकतं. आयफोन १३ प्रोचा मुख्य कॅमेरा १५ सेंटीमीटरवर फोकस करायचा, १४ प्रोला २० लागतात. मुंगीला २० सेंटीमीटरवरून बघायचं म्हणजे गच्चीवरून ओळख काढण्यासारखं.

मॅक्रो क्लिपची जादू इथे चालते. तिच्यावर ‘१० एक्स’ लिहिलेलं असेल, तर तिचं फोकल लेंग्थ साधारण २५ मिलिमीटर. म्हणजे वस्तू काचेपासून अडीच सेंटीमीटरवर धरायची. वस्तूवरून येणारे किरण ही काच समांतर करून आत सोडते आणि फोनला वाटतं, आपण लांबचा डोंगर बघतोय! फोनचा मेंदू तोच, सेन्सर तोच, फक्त दृष्टी बदलली.

आकडा हवाय? कंपासपेटीतली पट्टी काढा. समजा, फोनचा मुख्य कॅमेरा १० सेंटीमीटरवर फोकस करतो. आडव्या फोटोत पट्टीचे सुमारे १४५ मिलिमीटर मावतील. आता १० एक्स क्लिप लावा. ३६-३७ मिलिमीटरच मावतील! सरळ चौपट मोठं चित्र, आणि तेही मुख्य कॅमेऱ्याच्या सगळ्या पिक्सेलांनी टिपलेलं. डिजिटल झूमला हे कधीच जमत नाही, कारण सेन्सरवर न पडलेला तपशील झूम आणणार कुठून?

ट्राय करा : आजच्या पेपरातला रंगीत फोटो. क्लिपमधून बघितलं की नेत्यांच्या चेहऱ्यावरचं तेज गायब आणि निळसर, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके हजर! रंगीत छपाई या चारच शाईंची करामत असते. मग टीव्हीच्या पिवळ्या भागावर क्लिप न्या. तिथे पिवळा ठिपका शोधून सापडणार नाही. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी पेटलेले दिसतील. घरात मूल असेल तर क्लिपचे पैसे इथेच वसूल!

आता खरेपणाने बोलू. स्वस्त क्लिपमध्ये मध्यभाग कडक, कडा नरम. पट्टीच्या फोटोत मधल्या रेघा कापल्यासारख्या स्पष्ट दिसतील, कडेच्या रेघांना मात्र जांभळी-हिरवी झालर लागेल. ही झालर फोटोच्या अगदी टोकाला असेल तर चालेल, कारण मुंगी आपण मधोमधच ठेवतो. मध्यापासून थोडं सरकताच झालर सुरू झाली, तर ती क्लिप दुकानातच राहू द्या.

फोटोची एक बाजू काळी येतेय? लेन्सला दोष देऊ नका, क्लिप तिरकी बसली आहे. फोनचं कव्हर काढून पुन्हा नीट मधोमध बसवा. कॅमेऱ्याचा उंचवटा रुंद असेल आणि क्लिपचा जबडा मुख्य कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नसेल, तर मात्र तो सेट तुमच्या फोनसाठी नाही.

माहीत आहे का, फोन गुपचूप कॅमेरा बदलतो? वस्तू जवळ आली की काही फोन परस्पर अल्ट्रावाइडवर उडी मारतात आणि तुमची क्लिप भलत्याच डोळ्यावर बसून राहते. उपाय सोपा : एकेका लेन्सवर बोट ठेवा. ज्यावर बोट ठेवताच स्क्रीन काळी होईल, तोच कॅमेरा चालू. आयफोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Macro Control चालू केलं की फुलाचं चिन्ह दिसतं, ते टॅप करून उडी थांबवता येते.

आणि टेक्निक? इथे फोकस जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे स्क्रीनवर बोटं आपटून उपयोग नाही. कोपर टेबलावर टेकवा, फोन मिलिमीटर-मिलिमीटर पुढेमागे न्या आणि बर्स्टमध्ये धडाधड फोटो काढा. उजेड बाजूने येऊ द्या, नाहीतर अडीच सेंटीमीटरवर फोनचीच सावली फुलावर पडते. कासच्या पठारावरच्या दवबिंदू वनस्पतीचे चिकट थेंब असेच चमकताना टिपता येतात. फक्त पायवाट सोडू नका!

मग कोणी घ्यायची नाही? आयफोन १३ प्रो, १४ प्रोसारख्या फोनांचा अल्ट्रावाइड २ सेंटीमीटरवर फोकस करतो. असा फोन खिशात असेल तर क्लिपचा फायदा थोडा, खटपट जास्त.

आणि कोणी नक्की घ्यायची? ज्यांच्या फोनवर २ मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो कॅमेरा’ दिलाय त्यांनी! तो कॅमेरा २० लाख पिक्सेल देतो. त्याच फोनचा ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा साधारणपणे सव्वा कोटी पिक्सेलचा फोटो देतो, म्हणजे सहापट! क्लिप लावायची ती याच मुख्य कॅमेऱ्यावर. दोन्ही फोटो शेजारी ठेवा, फरक बघायला चष्मा लागणार नाही.

जाता जाता एक चकाचक टीप. पाण्यावरचं, दुकानाच्या काचेवरचं प्रतिबिंब घालवायला पोलरायझर फिल्टर मिळतो. त्याच्या काचा उजेड खातात, पण हे काम झूम किंवा फोनमधला साधा फिल्टर करू शकत नाही. विकत घेण्याआधी पोलराइज्ड गॉगलची काच कॅमेऱ्यापुढे धरा, काचेच्या कपाटाकडे तिरकं बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा. एका कोनात चमक गडप होईल आणि आतली पुस्तकं दिसू लागतील. ती दिसली तर फिल्टर घ्या. कपाटासमोर सरळ उभं राहून बघाल, तर काहीच बदलणार नाही.