शंभराचे चारशे, हजाराचे नऊशे

सकाळी ८.००

अप्पा बळवंत चौकातून आत वळणारी एक गल्ली. जुलैची भुरभुर चालू आहे. अर्धं शटर वर करून काकू आधी दिवा लावत नाहीत, कागदाच्या थप्पीवर हात फिरवतात. रात्रभर उघडी राहिलेली रीम पावसाळ्यात ओल पिते, कडेला लहरी धरते. मग मशीन एकाऐवजी दोन कागद ओढतं. म्हणून रीम प्लास्टिकात गुंडाळलेली असते आणि लागेल तेवढीच सोडायची.

छापखाना सासऱ्यांचा, आता काकूंचा. पुढे काउंटर, कॉम्प्युटर आणि रंगीत डिजिटल मशीन. मागे एकरंगी ऑफसेट, रिसो आणि कटिंग मशीन. मशीनमन मामांना महिना चोवीस हजार. हाताखालच्या पोराला रोज पाचशे आणि दोन वेळचा चहा.

८.४०

पहिलं गिऱ्हाईक क्लासचा मुलगा. सदाशिव पेठेत एमपीएससीचे क्लास खच्चून भरलेत, आणि त्यांना रोज काही ना काही छापून हवं असतं. आज सराव परीक्षा आहे. एकच कागद, पाठपोट, चारशे प्रती, अकरापर्यंत.

"झेरॉक्सच मारा ना काकू, पटकन होईल."

काकू कॅल्क्युलेटर त्याच्याकडे फिरवतात. मोठ्या कामाला झेरॉक्स एका बाजूला ऐंशी पैसे, कागदासकट. चारशे पाठपोट म्हणजे सहाशे चाळीस. रिसोवर आधी प्रत्येक बाजूचा मास्टर काढायचा, साठ रुपये. दोन बाजूंचे एकशेवीस रुपये पहिली प्रत निघायच्या आधीच गेले. पण त्यानंतर छपाई एका बाजूला पंचवीस पैसे आणि कागद पंचावन्न पैसे, म्हणजे पाठपोट प्रत एक रुपया पाच पैशांना. चारशेचे चारशेवीस. मास्टर धरून पाचशे चाळीस.

"शंभर वाचले."

"तू चाळीस प्रती मागितल्या असत्यास तर मी झेरॉक्सच दिली असती. चाळीसला रिसो एकशेबासष्ट, झेरॉक्स चौसष्ट."

सव्वादोनशे प्रतींच्या आसपास दोन्हींची बरोबरी होते. त्याच्या खाली मास्टर परवडत नाही, वर गेलं की झेरॉक्स परवडत नाही.

पोरगा पान काचेवर ठेवतो. आत गरम हेडने मास्टरच्या पातळ कागदाला अक्षरांच्या आकाराची बारीक छिद्रं पडतात. मास्टर ड्रमला गुंडाळला जातो आणि त्या छिद्रांतून शाई कागदावर उतरते. म्हणजे जुन्या सायक्लोस्टाईलचाच नातू. मिनिटाला शंभराच्या वर प्रती खटाखट पडतात. पण शाई ओली असते. लगेच उलटून पाठ छापायला घेतली तर रोलरचे काळे पट्टे उमटतात. थप्पी अर्धा तास पंख्याखाली ठेवावी लागते. अकराची वेळ पाळता येते ती मुलगा पावणेनऊला आला म्हणून.

१०.१५

एक तरुण फिजिओथेरपिस्ट आली. कोथरूडला दवाखाना काढते आहे. व्हिजिटिंग कार्ड हवंय. दोन्ही बाजू रंगीत, तीनशे जीएसएमचं आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन.

"शंभर किती?"

"चारशे."

"आणि हजार?"

"नऊशे."

ती काकूंकडे पाहत राहिली. "मग पाचशे?"

"अकराशेवीस."

असं ऐकल्यावर माणूस एकतर हसतो, नाहीतर दुकानदार लबाड आहे असं समजतो. ही हसली. काकूंनी खुर्ची दिली.

शंभर कार्डं इथेच डिजिटलवर निघतात. तेरा बाय एकोणीस इंची शीटवर पाच ओळी, पाच रांगा, पंचवीस कार्डं बसतात. शंभराला चार शीट. छपाई, कागद, लॅमिनेशन धरून शीटचे पंचेचाळीस, म्हणजे एकशेऐंशी. उरलेले दोनशेवीस कशाचे? फाइल लावणं, दोन वेळा दुरुस्ती, रंग बघायला वाया घालवलेली एक शीट, कटिंगची मांडणी. कार्डं दहा घ्या की हजार, हे दोनशेवीस तेच. दोनशे कार्डांना पाचशेऐंशी, पाचशेंना अकराशेवीस. डिजिटलवर हजार छापली तर दोन हजारांवर जातात.

हजारांचं काम मात्र इथे होत नाही. ते एजंटमार्फत मोठ्या ऑफसेटवाल्याकडे जातं. तिथे वीस बाय तीस इंची शीटवर सत्तरएक कार्डं बसतात, आणि ती सत्तर वेगवेगळ्या माणसांची असतात. कोणी वकील, कोणी पेस्ट कंट्रोलवाला, कोणी सत्यनारायण सांगणारे गुरुजी. चार रंगांच्या चार प्लेटा, मशीन लावायचा वेळ, रंग जुळेपर्यंत वाया जाणारे कागद, हा सगळा खर्च सत्तर जणांत वाटला जातो. एकट्याने केला तर कार्डाचं नावही काढणार नाही इतका तो होतो.

"मग त्यांच्याकडून पाचशेच घ्या ना माझी."

"नाही देत. शीट हजार वेळा मशीनमधून जाते, कारण बाकीच्या एकोणसत्तर जणांना हजार हवीत. तुमची पाचशे घेतली तर उरलेली पाचशे रद्दीत. छापून तर झालेलीच असतात."

म्हणून तिथे हजाराच्या खाली भावच नाही. तोच कागद, तेच लॅमिनेशन, तीच संख्या सगळ्यांना. वेगळं काही हवं असेल तर त्या शीटमध्ये तुम्हाला जागा नाही. हिशेब मांडला तर पावणेचारशे कार्डांपर्यंत डिजिटल स्वस्त. चारशे हवी असतील तर सरळ हजार घ्यावीत.

तिने शंभरच घेतली. दवाखान्याच्या जागेचा करार अकरा महिन्यांचा आहे. पत्ता बदलला तर नव्वद पैशांची नऊशे कार्डं नुसती कपाटात पडतील. मला वाटतं, तिचा हिशेब काकूंच्या हिशेबाइतकाच पक्का होता.

११.३०

मागे मामांनी ऑफसेट सुरू केलंय. एका मंडळाची वर्गणीची पावती पुस्तकं. गणपती जवळ आले की या गल्लीत केशरी रंग धरतो.

आधी काळी शाई काढायची. रोलरवर केरोसीन, मग चिंधी, पुन्हा केरोसीन. अर्धा तास जातो. काळ्याचा अंश राहिला तर केशरी मातकट येतो. म्हणून मामा केशरीची कामं साठवतात. आज तीन मंडळं एकापाठोपाठ घेतलीत, एकाच धुण्यात.

मग प्लेट चढवायची आणि पाणी-शाईचा मेळ घालायचा. पाणी जास्त झालं तर अक्षर फिकं पडतं. कमी झालं तर मोकळ्या जागेत शाई पसरते, कागद मळका दिसतो. मामा एकेक शीट काढून उजेडाला धरतात, स्क्रू पाव फेरा फिरवतात, पुन्हा काढतात. चाळीसएक कागद असेच बाजूला पडले. त्यानंतर पाचशे शीट छापायला दहा-बारा मिनिटंही लागली नाहीत.

१.३०

डबे उघडले. काकूंच्या खुर्चीमागे सासऱ्यांनी लावलेलं चित्रशाळेचं जुनं देवाचं चित्र आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात काढलेली ती चित्रशाळा. तिथे शिळाछपाई होती. प्रत्येक रंगाला वेगळी दगडी शिळा, त्यावर चित्रकाराचे दिवसच्या दिवस. ते चित्र घराघरात परवडलं ते एका शिळेवरून हजारो प्रती निघाल्या म्हणून. मामांना या इतिहासात रस नाही. त्यांना लोणचं हवंय.

३.००

सकाळच्या मंडळाचा कार्यकर्ता, गाडी बंद न करताच: "मामा, दहा पुस्तकं वाढवा!"

मशीन दीडच्या आधीच धुऊन झालंय. वर पुन्हा काळी शाई चढलीय.

चाळीस पुस्तकांचं बिल सोळाशेवीस झालं होतं. त्यात नऊशे प्लेटचे, मशीन लावण्याचे आणि धुण्याचे. कागद आणि बांधणी पुस्तकाला फक्त अठरा. म्हणजे बाराला फोन आला असता तर दहा पुस्तकं एकशेऐंशीत झाली असती. आता प्लेट जपून ठेवलीय, तिचे दोनशे वाचतील. तरी आठशेऐंशी.

"चाळीसला सोळाशे आणि दहाला नऊशे? काकू, पुणेरी भाव लावू नका."

काकू शांतपणे म्हणतात, "परवा अजून दोन मंडळांचं केशरी आहे. थांबत असाल तर धुणं त्यांच्यात घालते, साडेचारशेत देते."

तो थांबायला तयार झाला.

४.३०

एजंटचं पार्सल आलं. गेल्या आठवड्यातली हजार कार्डं. पार्टीने राखाडी पार्श्वभूमी दिली होती, आलीय किंचित गुलाबी.

काकू भिंग लावून दाखवतात. राखाडी एका शाईचा नाही, चार रंगांचे बारीक ठिपके मिळून तो झालाय. शीटवर याच उभ्या पट्ट्यात कोणाचं तरी लालभडक कार्ड असणार. शाई सोडायचे स्क्रू पट्ट्यापट्ट्याने असतात. त्याचं लाल भरावं म्हणून त्या पट्ट्यात लाल वाढवलं, आणि ते याच्या राखाडीत उतरलं. सत्तर जणांत खर्च वाटला जातो तसा रंगही थोडा वाटला जातो. एजंट हे परत घेत नाही. पावतीवर तसं छापलेलंच असतं.

उपाय एकच, आणि तो छापायच्या आधीचा. राखाडी हवा तर तो नुसत्या काळ्या शाईचा फिका टक्का लावून करायचा. मग शेजारी कोण बसलंय याने फरक पडत नाही. ही फाइल पार्टीने स्वतः मोबाइलवर बनवून आणली होती, आणि मोबाइलवर राखाडी छानच दिसत होता.

६.१५

फिजिओथेरपिस्टची चार शीट लॅमिनेशन होऊन आली. मामा खुणेला खूण लावून थप्पी कटिंग मशीनखाली सरकवतात, दाब देतात, पातं खाली येतं. आधी पाच पट्ट्या, मग प्रत्येकीचे पाच तुकडे. दोन कार्डांच्या मध्ये दुहेरी काप, नाहीतर शेजारच्याच्या रंगाची रेघ कडेला राहते. पात्याची धार गेली की मॅट लॅमिनेशन कडेला पांढरं फुटतं. मामा अंगठा फिरवून कडा तपासतात. शंभर कार्डं डबीत.

८.००

गल्ला मोजला. पोराचे पाचशे, चहाचे एकशेवीस, केरोसीन आणि चिंध्या. शटरजवळ दरपत्रक चिकटवलेलं आहे. व्हिजिटिंग कार्ड, दोन्ही बाजू, लॅमिनेशनसह: शंभर ४००, दोनशे ५८०, हजार ९००. पाचशेचा भाव त्यात लिहिलेला नाही. कोणी विचारलाच तर काकू तोंडी सांगतात.