तुकडी सुटली म्हणजे मासा शिजला?

खडकवासल्यात रोहू किंवा कटला तव्यावर पडला की शेजारी उभा असलेला कुणीतरी सांगतोच, ‘मांस आपोआप सुटेपर्यंत राहू दे, नाहीतर कच्चा राहील.’ या एका सल्ल्याने जेवढे मासे वाया गेले असतील तेवढे मांजरांनीही पळवले नसतील.

माशाचं मांस म्हणजे आखूड तंतूंचे पापुद्रे आणि त्यांच्या मधोमध कोलॅजनचे पातळ पडदे. मटणातलं कोलॅजन चिवट असतं, त्याला तासभर रटरटावं लागतं. माशातलं मुळात थोडं आणि नाजूक. ते पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसलाच विरघळू लागतं आणि पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. म्हणजे मांस सुटू लागणं ही सुरुवातीची खूण आहे. ऐंशी अंशांनाही ते सुटतच असतं, म्हणून थांबायचं कधी, हे नुसतं सुटण्यावरून कळत नाही.

दरम्यान तंतूंमधली प्रथिनं आकसून आतलं पाणी बाहेर ढकलत असतात. साठ अंशांपुढे हे झपाट्याने होतं. मटणात विरघळलेलं कोलॅजन ती कसर भरून काढतं, माशात तेवढं नसतंच. शिवाय तुकडी पातळ, त्यामुळे नेमकी शिजलेली आणि कोरडी यांत जेमतेम दोन-तीन मिनिटांचं अंतर उरतं.

मग बघायचं कसं? इंचभर जाड तुकडीच्या पाठीकडच्या भागात, मणक्याजवळ, सुरीचं टोक तिरकं घालून फट जरा उघडा. आत काचेसारखी झाक दिसली तर कच्चं आहे. दुधाळ, पण ओलं दिसलं, हलक्या दाबाने पापुद्रे सरकले आणि मांस मणक्याला चिकटून राहिलं नाही, तर तवा उतरवा. हात न लावताच मांस भुगा होऊन पडू लागलं, की उशीर झाला.

थर्मामीटर असेल तर टोक सर्वांत जाड भागाच्या मध्यावर हवं, हाडाला टेकता कामा नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशासाठी 63 अंश सांगितले आहेत. जाड तुकडी 60 ला उतरवली तर उरलेल्या उष्णतेने दोन-तीन अंश चढते. तरी मिनिटभराने पुन्हा मोजा. गोड्या पाण्यातल्या माशात परजीवी असू शकतात, तेव्हा 63 गाठल्याशिवाय तो पानात वाढू नये.

‘कालवणात मासा कोरडा कसा होईल, रस्सा आहे की!’ होतो. पाणी तंतूंच्या आतून पिळलं जातं, बाहेर कितीही रस्सा असो. उकळता रस्सा शंभर अंशांच्या आसपास असतो. म्हणून मसाला आधी नीट शिजवा, तुकड्या शेवटी सोडा आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटांनी तपासा.

बाकीचे गैरसमज किरकोळ. डोळा पांढरा झाला म्हणजे डोळा शिजला, पाठीचा जाड भाग शिजलाच असं नाही. रव्याचं कवच सोनेरी होणं ही तव्याची कामगिरी; आतली बातमी त्यातून कळत नाही. आणि लिंबू पिळून तासभर ठेवलेला मासा पांढरा दिसतो खरा, पण आम्लाने परजीवी मरतीलच याची खात्री नाही; त्यालाही तवा लागतोच.