बंद शेगडी, चालू रेग्युलेटर

सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपणाऱ्या घरांत स्वयंपाकघर बारा-बारा तास बंद असते. खिडक्या लावलेल्या असतात, शेगडीची बटणेही बंद असतात. मात्र रेग्युलेटर चालूच राहिला, तर नळीत रात्रभर गॅसचा दाब कायम असतो. शेगडीजवळच्या टोकाला नळीला सूक्ष्म चीर असल्यास तेथून गॅस संथपणे झिरपत राहतो. रेग्युलेटर बंद असता, तर नळीत उरलेला अल्प गॅसच बाहेर पडला असता.

स्वयंपाकाचा गॅस मूलतः गंधहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. त्या वासात काही काळ राहिल्यास नाकाला त्याची सवय होते. म्हणून वास कमी झाला म्हणजे गळती थांबली, असे मानू नये.

पहाटे दार उघडताच असा वास आला, तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये. बटण चालू करताना तशीच बंद करतानाही ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखाही लावू नये. देवघरातील दिवा, उदबत्ती विझवावी. दारे-खिडक्या उघडून शेगडीची बटणे व रेग्युलेटर बंद करावा. तरीही वास येत राहिल्यास रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर दोरीने बांधलेली सुरक्षा टोपी घट्ट बसवावी. गॅस फार साचला असेल किंवा गळतीचा आवाज येत असेल, तर आत न थांबता सर्वांना घेऊन बाहेर पडावे. दूरध्वनी घराबाहेर गेल्यावरच करावा. गॅस गळतीसाठी 1906 हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

गळतीची जागा शोधण्यासाठी काडी कधीही पेटवू नये. घर पूर्ण हवेशीर झाल्यावर साबणाचा दाट फेस रेग्युलेटरचा जोड, संपूर्ण नळी आणि शेगडीकडील टोक यांवर लावावा, मग रेग्युलेटर क्षणभर चालू करावा. बुडबुडे फुगू लागले की दोष सापडला. रेग्युलेटर तत्काळ बंद करावा. चिकटपट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हे; नळीच बदलावी. सिलिंडरच्या तोंडाशी बुडबुडे दिसल्यास आतील रबरी कडी झिजलेली असू शकते. ते काम वितरकाच्या मेकॅनिककडेच सोपवावे.

हीच फेसाची तपासणी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक नवा सिलिंडर जोडताना करावी. नळी हलकेच वाकवून चिरा पाहाव्यात. आयएसआय चिन्हाच्या सुरक्षा नळीवर तिची मुदत छापलेली असते. ती साधारणतः पाच वर्षांची असते. नळी वरून धडधाकट दिसली तरी मुदत संपताच बदलावी. तिच्यावर कापडी वा प्लॅस्टिकचे आवरण चढवू नये, कारण त्याखाली चिरा दिसत नाहीत. रेग्युलेटरचे बटण सैल फिरत असेल किंवा तो सिलिंडरवर नीट बसत नसेल, तर तो वितरकाकडून बदलून घ्यावा. रात्री ओटा पुसून झाल्यावर शेवटचा हात रेग्युलेटरकडे जावा.